पाय लांब झालाय की लांब वाटतोय? खुबा बदलल्यानंतरच्या वर्षभराची मोजमापं

खुब्याचा सांधा बदलून पाच-सहा आठवडे झाले, वॉकर सुटून हातात काठी आली, की ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या फिजिओथेरपीच्या खोलीत एक तक्रार फार वेळा येते. दुखणं गेलेलं असतं, जखम भरलेली असते, झोप लागत असते. पण पाय लांब झालाय असं वाटत असतं. इथे अशाच एका काकूंची सहाव्या आठवड्यापासून वर्षापर्यंतची मोजमापं दिली आहेत. कुठला आकडा कशावरून आला आणि त्यावरून काय ठरवलं, हे त्यातून कळेल.

काकू ६३ वर्षांच्या. उजवा खुबा झिजलेला, सांधा बदललेला. राहायला दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्याच दिवशी बसता बसता म्हणाल्या, "अहो, उजवा पाय चांगला इंचभर लांब केलाय यांनी. उभी राहिले की डावी टाच टेकतच नाही." मुलीच्या हातात फाईल होती आणि तिचा प्रश्न वेगळाच होता: "पाय लांब झाला तर आईची उंची वाढायला हवी ना? भरती होताना १५१.० सेंटीमीटर होती. काल मोजली तर १५०.७ भरली."

दोघींचंही म्हणणं खरं होतं. फक्त त्याचं कारण त्यांना वाटत होतं ते नव्हतं.

आधी पाय लांब होतो कसा ते पाहू. या शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडात वाटी बसते, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसतो आणि दांड्याच्या टोकावर गोळा. दांडा किती खोल बसला, वाटी किती वर किंवा खाली बसली आणि गोळ्याची मान किती लांबीची निवडली, या तिन्हींची बेरीज म्हणजे पायाची नवी लांबी. गोळे काही मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. आजूबाजूचे स्नायू ढिले राहिले तर गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते, म्हणून सर्जन कधी कधी एक माप लांब मानेचा गोळा घालून सांधा घट्ट करतात. त्यात पाय चार-पाच मिलिमीटर लांब होतो. सांधा निखळण्यापेक्षा हे परवडतं. त्यामुळे थोडा फरक दिसला की लगेच "ऑपरेशन चुकलं" असं म्हणू नये. एक सेंटीमीटरच्या आतला फरक बहुतेकांना सवयीने जाणवेनासा होतो.

पण काकूंना इंच वाटत होता. इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर. तेव्हा टेप काढली.

टेपने दोन वेगवेगळी मापं घ्यायची असतात, आणि गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथेच. पहिलं माप हाडापासून हाडापर्यंत: कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. ही पायाची खरी लांबी. दुसरं माप बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत. त्यात कमरेचा कलही येतो, म्हणून ती दिसणारी लांबी. काकूंचं खरं माप उजवीकडे ८०.४ आणि डावीकडे ७९.४ सेंटीमीटर आलं, म्हणजे फरक एक सेंटीमीटर. बेंबीपासून उजवीकडे ८९.५ आणि डावीकडे ८७.१, म्हणजे फरक २.४. मधले १.४ सेंटीमीटर पायात नव्हतेच, ते कमरेच्या कलण्यात होते.

एक बारकावा सांगायलाच हवा. खरं माप घेताना दोन्ही पाय कमरेशी सारख्याच कोनात असावे लागतात. काकूंचा उजवा पाय थोडा बाहेर फाकलेला राहत होता. तो तसाच ठेवून डावा सरळ ठेवला असता तर हाडाच्या टोकापासून घोट्यापर्यंतचं अंतर उजवीकडे खोटंच कमी भरलं असतं. म्हणून डावा पायही तेवढाच बाहेर घेऊन मोजला, तोही दोनदा, आणि सरासरी धरली. एवढं करूनही टेपमध्ये अर्धा-पाऊण सेंटीमीटरची चूक सहज राहते. मांडी जाड असेल तर जास्तच. टेपचा आकडा दिशा दाखवतो. त्याच्यावर बुटाची जाडी ठरवू नये.

मग काकूंना उभं केलं. पाठीमागे स्टुलावर बसून दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर आडवे ठेवले की पातळी लगेच कळते. इथे निदानाची खरी खूण आहे. पाय हाडानेच लांब झाला असेल तर त्या बाजूची कमर वर जाते. काकूंची उजवी कमर उलट खाली होती आणि उजवा गुडघा वाकलेला होता. पाय "लांब", आणि कमर त्याच बाजूला खाली! याचा अर्थ खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आखडलेले आहेत. हे स्नायू कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत जातात. वर्षानुवर्षं झिजलेल्या, आत दबलेल्या सांध्यामुळे ते आखूड झालेले असतात. नवा सांधा त्यांना एकदम ताणतो, आणि ते कमरेलाच खाली ओढतात. कमर उजवीकडे खाली आली की डावा पाय आपोआप वर उचलला जातो. म्हणून डावी टाच टेकत नाही आणि माणूस सांगतो, उजवा लांब झाला.

कण्यामुळे कमर तिरकी झालेली नाही ना, हेही बघावं लागतं. काकूंना सपाट स्टुलावर बसवलं तेव्हा दोन्ही कडा एका पातळीत आल्या. बसल्यावर पायांची लांबी हिशेबातून जाते, तेव्हाही कमर तिरकीच राहिली असती तर दोष मणक्यांत शोधावा लागला असता. जुना वाकलेला कणा असलेल्या माणसाला पायाची पातळी नुसती बुटाने कधीच जुळवता येत नाही.

शेवटी ठोकळे. सुताराकडून कापून घेतलेले प्लायवूडचे ४, ६, ९ आणि १२ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे आम्ही वापरतो. डाव्या पायाखाली एकेक वाढवत गेलो. १२ वर १२ ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "आत्ता बरं वाटतंय." दोन्ही गुडघे सरळ, दोन्ही टाचा टेकलेल्या. पण मागून पाहिलं तर उजवी कमर अजूनही खालीच होती, आणि आता तर सगळं शरीर त्या कलाला धरून स्थिर झालं होतं.

याच टप्प्यावर सर्वांत मोठी चूक होते. माणसाला बरं वाटतं म्हणून कोणीतरी दुसऱ्या पायाच्या चपलेला दोन सेंटीमीटरचा थर लावून देतं. मग आखडलेल्या स्नायूंना सैल होण्याचं कारणच उरत नाही आणि तात्पुरता कल कायमचा होऊन बसतो. काकूंच्या मुलीने ओळखीच्या चांभाराकडे चप्पल टाकलीसुद्धा होती. ती परत आणायला सांगितली.

चाल पाहिली ती दहा मीटरच्या गॅलरीत, आधी समोरून, मग मागून, आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकून. डावं पाऊल धपकन पडत होतं, कारण उंच पायावरून बुटक्या पायावर उतरताना शरीर थोडं खाली पडतं. उजवा पाय पुढे आणताना जमिनीला घासू नये म्हणून काकू तो अर्धगोल फिरवून आणत होत्या. उजव्यावर भार आला की गुडघा पुरता सरळ होत नव्हता. यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते आणि ती वेगळी काढावी लागते. खुब्याचे तेच स्नायू कमजोरही असतात. उजव्या पायावर भार येताच धड उजवीकडे झुकतं, ते लांबीमुळे नाही, तर या कमजोरीमुळे. पायाखाली कितीही ठोकळे ठेवले तरी ते झुकणं जात नाही. काकूंमध्ये दोन्ही होतं. काठी डाव्या हातात दिली की झुकणं लगेच कमी होई. उजव्या खुब्यासाठी काठी उजव्या हातात धरणारे लोक रोज भेटतात. ती विरुद्ध हातातच हवी.

आता मुलीच्या उंचीच्या प्रश्नाकडे. दोन्ही पाय सपाट आणि गुडघे ताठ असतील, तर एक पाय दहा मिलिमीटरने लांब झाल्यावर कमरेचा मध्यबिंदू साधारण पाचच मिलिमीटर वर जातो, कारण तो दोन्ही खुब्यांच्या मधोमध आहे. म्हणजे उंची वाढली तर अर्धीच वाढते. त्यातही तिरक्या कमरेवर डोकं सरळ ठेवायला कणा बुटक्या पायाच्या बाजूला फुगून वाकतो आणि थोडी उंची तो खातो. लांब पायाचा गुडघा वाकवून उभं राहिलं तर उंची बुटक्या पायाइतकीच भरते. काकू नेमक्या तशाच उभ्या होत्या. शिवाय भरती होतानाची उंची सकाळी मोजलेली आणि कालची संध्याकाळी. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून कोणाचीही उंची एक-दीड सेंटीमीटर कमी होते. १५१.० आणि १५०.७ या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नव्हती.

म्हणून पुढची प्रत्येक उंची एकाच पद्धतीने घ्यायची ठरवली: सकाळी दहाच्या आत, अनवाणी, टाचा-कुल्ले-पाठ भिंतीला, दोन्ही गुडघे ताठ. आणि प्रत्येक वेळी दोनदा, एकदा सपाट जमिनीवर आणि एकदा बुटक्या पायाखाली ठोकळा ठेवून. ठोकळ्यावरची उंची ही माणसाची खरी उंची. सपाट जमिनीवरची उंची म्हणजे फरकासकटची.

व्यायाम थोडेच दिले, कारण सहाव्या आठवड्यात हात बांधलेले असतात. सांधा मागच्या बाजूने उघडलेला असेल तर पायावर पाय टाकणं, खुबा नव्वद अंशांच्या पुढे वाकवणं आणि पाऊल आत वळवणं सर्जनने सोडेपर्यंत बंद असतं. पण बाहेरचे स्नायू ताणायला तर पाय आत न्यावा लागतो! यावर उपाय सोपा आहे. पाय हलवायचा नाही, कमर हलवायची. उताणं झोपून दोन्ही पाय सरळ आणि समांतर ठेवायचे आणि उजवी कमर बरगड्यांकडे वर ओढायची. टाच गादीवरून दोन-तीन सेंटीमीटर वर सरकताना दिसते. दहा सेकंद धरून सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाय मध्यरेषा ओलांडत नाही आणि स्नायू तरीही ताणला जातो. दुसरा व्यायाम खुब्याच्या पुढच्या आखडलेपणासाठी, पंधरा मिनिटं पालथं झोपून राहण्याचा, तोही सर्जनला विचारून. तिसरा आरशासमोर: दोन्ही टाचा टेकवून, उजवा गुडघा जाणूनबुजून ताठ करून दोन मिनिटं उभं राहायचं. पहिले पंधरा दिवस काकूंना याच्यात सगळ्यात जास्त त्रास झाला. "ढकलल्यासारखं वाटतं," असं म्हणायच्या. ते ढकलणं म्हणजे तो ताणच.

चालायला त्यांना तलावपाळीला पाठवलं, पण एक अट घालून: रोज फेरीची दिशा बदलायची. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता आणि पदपथ कडेला उतरते असतात. एकाच दिशेने चालत राहिलं तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. सेंटीमीटरचा फरक असलेल्या माणसाला एका दिशेने सुख आणि दुसऱ्या दिशेने कंबरदुखी होते ती यामुळेच. कुठल्या दिशेने बरं वाटतं हे विचारलं तरी कुठला पाय बुटका आहे ते कळतं.

बारा आठवड्यांनी बेंबीपासूनचा फरक २.४ वरून १.६ वर आला. हाडापासूनचा एक सेंटीमीटरच राहिला. सहा महिन्यांनी दोन्ही फरक सारखे झाले, एक सेंटीमीटर. आता कमरेचा कल उरला नव्हता. उरला होता तो हाडांचा आणि सांध्याचा खरा फरक. उजवी कमर आता किंचित वर दिसत होती, जशी खऱ्या लांबीत दिसायला हवी.

मग एक्स-रे मोजला. समोरून काढलेल्या कमरेच्या एक्स-रेवर बसताना टेकणाऱ्या दोन्ही हाडांच्या खालच्या टोकांना जोडणारी आडवी रेघ काढतात आणि तिथून प्रत्येक मांडीच्या हाडाच्या आतल्या छोट्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजतात. दोन्हींतला फरक काकूंच्या फिल्मवर १०.५ मिलिमीटर होता. पण एक्स-रेमध्ये सगळंच मोठं दिसतं. ते किती मोठं झालंय हे कळायला सांध्याचा गोळाच उपयोगी पडतो. बसवलेल्या गोळ्याचा व्यास फाईलमधल्या स्टिकरवर लिहिलेला असतो. काकूंचा ३२ मिलिमीटरचा, आणि फिल्मवर तो ३८ भरला. १०.५ ला ३२ ने गुणून ३८ ने भागलं की ८.८ येतात. म्हणजे नऊ मिलिमीटर. ९ चा ठोकळा डाव्या पायाखाली ठेवला, कमर बरोब्बर पातळीत आली. टेप, एक्स-रे आणि ठोकळा तिन्ही जेव्हा एकच सांगतात तेव्हाच बुटाचा विचार करायचा. तो स्टिकर म्हणूनच कधी फेकू नये.

उंची त्या दिवशी सपाट जमिनीवर १५१.९ आली आणि ९ मिलिमीटरच्या ठोकळ्यावर १५२.३. मधले चार मिलिमीटर म्हणजे नवाचं जवळपास अर्धं, हिशेबाला धरून. मुलीने दोन्ही आकडे फाईलवर लिहून घेतले.

बुटात नवाचे नऊ भरून काढत नाहीत. शरीराने सहा महिन्यांत काही भाग स्वतःच सामावून घेतलेला असतो, त्यामुळे निम्म्याने सुरुवात करतात. डाव्या बुटात ५ मिलिमीटरची टाचेची गादी दिली, आणि तीन आठवड्यांनी विचारलं तर काकूंना आणखी नको होती. बुटाच्या आत एक सेंटीमीटरपर्यंतच जागा असते. त्याहून जाड गादी घातली की टाच बुटातून निसटायला लागते. जास्त हवं असेल तर ते तळव्याला बाहेरून, पूर्ण लांबीभर लावावं आणि बोटांखाली उतरतं करावं, नाहीतर पाय अडखळतो.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. बाहेर तासभर बूट आणि घरात दिवसभर अनवाणी. ओट्यापाशी उभं राहण्याचे तीन-चार तास तर पूर्ण नऊ मिलिमीटरच्या फरकावरच जातात. म्हणून काकूंना घरात घालायला एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपलांची जोडी घ्यायला लावली आणि त्याच चांभाराकडून डाव्या चपलेला ५ मिलिमीटरचा थर लावून घेतला. थर मागून पुढपर्यंत हवा. नुसत्या टाचेखाली लावला तर पाऊल पुढे घसरत राहतं.

गुडघ्याचं गणित थोडं निराळं, पण ते आमच्याकडे याहून जास्त येतं. गुडघा बदलताना जेवढं हाड कापतात साधारण तेवढ्याच जाडीचा धातू आणि प्लास्टिक बसवतात, त्यामुळे त्याने लांबी फारशी बदलत नाही. लांबी वाढते ती वाकडा पाय सरळ झाल्यामुळे. मांडीचं हाड ४० आणि नडगीचं ३६ सेंटीमीटर धरा. सरळ पाय ७६. गुडघा १५ अंश बाहेर फुगलेला असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर ७५.३५ भरतं, म्हणजे साडेसहा मिलिमीटर कमी. गुडघा २० अंश वाकलेला राहत असेल तर साडेअकरा मिलिमीटर कमी. दोन्ही दोष एकत्र असतील तर पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही गुडघे असे असलेल्या माणसाचा एकच गुडघा बदलला, की तो पाय दुसऱ्यापेक्षा तेवढाच लांब होतो. दुसरा गुडघा सहा महिन्यांत करायचा असेल तर मधल्या काळापुरता न केलेल्या पायाखाली एक सेंटीमीटरपर्यंत थर चालतो, कारण हा फरक स्नायूंचा नसून खरा आहे. दुसरा झाला की तो काढायचा. उंचीही पूर्ण वाढते ती तेव्हाच.

ऑपरेशन केलेल्या गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायची सवय मात्र हे सगळं उलटवते. दहा अंश वाकलेला गुडघा तीन मिलिमीटरच हरवतो, पण चालताना टाच आधी टेकत नाही, आणि लंगडणं लांबीच्या मानाने खूप जास्त दिसतं. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी, गुडघा खाली मोकळा लोंबता.

वर्षाच्या तपासणीत काकूंना एवढंच पुन्हा सांगितलं की हा नऊचा आकडा आता हलता कामा नये. पाय हळूहळू आखूड होत चालला आणि मांडीत दुखू लागलं, तर दांडा हाडात खाली बसत असू शकतो. पाय एकाएकी आखूड होऊन आत वळला आणि हलवता येईना, तर गोळा निसटलाय. तिथे फिजिओकडे न येता थेट हॉस्पिटल. पाऊल उचलता येईना किंवा पावलाची वरची बाजू बधिर झाली, तर तो नसेचा प्रश्न आणि त्याच दिवशी सर्जनला दाखवायचा. काकूंनी त्या दिवशी दोन्ही टाचा टेकवून, गुडघे ताठ करून उंची दिली. सपाट जमिनीवर १५१.९, ठोकळ्यावर १५२.३.